सगळ्यांचंच अर्जंट असेल तर आधी कोणाचं? आयटी हेल्पडेस्कवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

सोमवार, महिन्याची २० तारीख, सकाळचे सव्वानऊ. तुम्ही एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्याच्या आयटी डेस्कवर नुकतेच रुजू झाला आहात. सोबतचा सीनियर रजेवर आहे आणि स्क्रीनवर सहा तिकिटं आहेत. पाचांपुढे Urgent लिहिलंय, सहाव्यापुढे Low.

जनरल मॅनेजर साहेबांचा लॅपटॉप अतिशय स्लो झालाय. डिस्पॅचचा प्रिंटर इन्व्हॉइस काढत नाही आणि गाडी गेटवर उभी आहे. अकाउंट्समध्ये डिजिटल सहीचा, म्हणजे डीएससीचा, टोकन कॉम्प्युटरला दिसत नाही, आणि आज जीएसटीआर-३बी हा महिन्याचा जीएसटी रिटर्न भरायचा शेवटचा दिवस आहे. एचआरला तीन नव्या माणसांचे लॉगिन हवेत. मार्केटिंगला गुरुवारी टेंडर भरायचंय, पण पोर्टलवर सही होत नाही. सहावं तिकीट स्टोअरच्या क्लार्कचं आहे: "ईआरपीमध्ये मोठा रिपोर्ट काढताना मधूनच एरर येते, सवडीने बघा."

मी बारा वर्षं हेच काम करते आहे, आणि नवीन मुलांना शिकवताना पहिल्या दिवशी हीच सहा तिकिटं फळ्यावर लिहिते. बहुतेक जण लॅपटॉपपासून सुरुवात करतात, कारण ते नाव मोठं असतं. मीही पहिल्या वर्षी तेच केलं होतं. एक वरिष्ठ अधिकारी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले, म्हणून त्यांचा लॅपटॉप हातात घेतला. दीड तास गेला. तेवढ्या वेळात गेटवरचं तिकीट मी उघडूनही पाहिलं नाही. अकराला निघायची गाडी तीनला निघाली, दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाकडे माल उतरवायची वेळ टळली, आणि ड्रायव्हरला त्यांच्या गेटबाहेर एक रात्र काढावी लागली. प्रिंटरचं काम किती होतं? दहा मिनिटांचं.

आधी "अर्जंट" हा शब्द बाजूला ठेवा

तिकीट टाकणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या टेबलावरून त्याला फक्त त्याचंच काम दिसतं आणि ते खरोखर अडलेलं असतं. त्यात पूर्वी कधीतरी त्याने Medium टाकलं असेल आणि तीन दिवस कोणी फिरकलं नसेल, तर तो पुन्हा Medium कशाला टाकेल? त्यामुळे तो शब्द मनाला लावून घेऊ नका आणि त्यावरून कोणाशी वादही घालू नका. त्यातून माहिती मिळत नाही, एवढंच लक्षात ठेवा.

माहिती दोन गोष्टींतून मिळते. पहिली म्हणजे परिणाम: काम झालं नाही तर किती जणांचं काय अडतं. दुसरी म्हणजे मुदत: ते अडणं नेमकं कधी सुरू होतं. आयटी सेवेच्या कामात सगळीकडे वापरली जाणारी आयटीआयएल ही पद्धत प्राधान्य ठरवते ती याच दोन गोष्टी एकत्र करून. परिणाम आणि मुदत प्रत्येकी मोठं, मध्यम किंवा लहान अशा मापाने मोजायचे. दोन्ही मोठे असतील तर तिकीट पी-१, म्हणजे सगळ्यांत आधीचं. एक मोठं आणि दुसरं मध्यम असेल तर पी-२. दोन्ही मध्यम, किंवा एक मोठं आणि एक लहान, तर पी-३. उरलेलं सगळं पी-४ आणि त्याखाली. हा तक्ता कोणालाही पाच मिनिटांत पाठ होतो. खरी मेहनत असते ती मोठं कशाला म्हणायचं आणि लहान कशाला, हे ठरवण्यात. म्हणून पुढचा सगळा लेख त्याबद्दलच आहे.

पायरी १: फोन उचला आणि चार प्रश्न विचारा

तिकिटावरच्या दोन ओळींवरून काहीच ठरवू नका. प्रत्येकाला फोन लावा, दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही. मी विचारते ते असं:

"आत्ता नेमकं कोणाचं काम थांबलंय?"
"हे आज झालं नाही, तर उद्या सकाळी काय होईल?"
"तोपर्यंत दुसऱ्या कुठल्या मार्गाने भागेल का?"
"किती वाजेपर्यंत चालेल, आणि ती वेळ कोणी ठरवली आहे?"

दुसरा प्रश्न सगळ्यांत उपयोगाचा. "किती अर्जंट आहे?" असं विचारलं तर "खूप" हेच उत्तर येतं. "उद्या काय होईल?" म्हटलं की माणूस क्षणभर थांबतो आणि खरं चित्र सांगू लागतो. काही वेळा तो स्वतःच म्हणतो, "तसं परवापर्यंत चालेल हो."

चौथ्या प्रश्नाचा शेवटचा भाग नवीन मुलं विसरतात. मुदत सरकारने ठरवलेली असते, गिऱ्हाइकाने ठरवलेली असते, किंवा साहेबांनी मीटिंगमध्ये सहज "आज संध्याकाळपर्यंत बघून घ्या" म्हटलेलं असतं. पहिल्या दोन आपल्याला हलवता येत नाहीत. तिसरी एका नम्र फोनने बहुतेक वेळा हलते.

आणखी एक. तिकीट टाकणारा आणि प्रत्यक्ष अडलेला माणूस वेगळे असू शकतात. डिस्पॅचचं तिकीट ऑफिसातल्या मॅडमनी टाकलेलं असतं, पण गाडी कधी निघायला हवी हे गेटवरच्या दादांनाच ठाऊक असतं. फोन त्यांना करा.

पायरी २: परिणाम मोजताना डोकी मोजू नका, थांबलेलं काम मोजा

हुद्द्यावरून परिणाम ठरत नाही हे सगळेच सांगतात. पण नुसत्या डोक्यांच्या संख्येवरूनही तो ठरत नाही. चाळीस जणांना कँटीनचा मेनू दिसत नसेल तर तो लहान परिणाम. डिस्पॅचचा एकच माणूस अडला असेल, पण त्याच्या मागे तयार माल, गाडी, ड्रायव्हर आणि गिऱ्हाइकाची लाइन उभी असेल, तर तो मोठा. म्हणून "या माणसाच्या मागे कोण कोण रांगेत आहे?" हे बघा.

आणि पर्यायी मार्ग असला की परिणाम लगेच खाली येतो. नवीन माणसाला ही गोष्ट एकदा कळली की अर्धं ओझं उतरतं. मूळ बिघाड दुरुस्त करणं आणि अडलेलं काम सुरू करून देणं ही दोन वेगळी कामं आहेत. घाई फक्त दुसऱ्याची असते. डिस्पॅचचं इन्व्हॉइस अकाउंट्सच्या प्रिंटरवर काढून दिलं तर गाडी सुटते. त्यानंतर बिघडलेला प्रिंटर उद्याही चालतो. पी-१ चं तिकीट पाच मिनिटांत पी-३ होतं.

पर्याय सुचवताना तो खरंच चालणारा आहे का, हे मात्र त्या माणसालाच विचारा. "दुसऱ्या प्रिंटरवर काढा" म्हणणं सोपं असतं. तो प्रिंटर दुसऱ्या इमारतीत असेल आणि डिस्पॅचला दिवसाला साठ इन्व्हॉइस काढावी लागत असतील, तर हा पर्याय एका गाडीपुरता आहे, दिवसभरासाठी नाही. मग तिकीट खाली उतरवताना बाजूला लिहून ठेवा: दुपारच्या गाड्यांआधी पुन्हा बघायचं.

पायरी ३: मुदत कड्याची आहे की उताराची, ते ओळखा

हे शब्द माझे आहेत, कुठल्या पुस्तकातले नाहीत, पण मला ते रोज उपयोगी पडतात.

काही मुदती कड्यासारख्या असतात. आदल्या मिनिटापर्यंत काहीच बिघडलेलं नसतं आणि पुढच्या मिनिटाला सगळं संपतं. mahatenders.gov.in वरचं टेंडर असंच. गुरुवारी दुपारी तीनची वेळ दिली असेल, तर तीन वाजता बोली भरण्याचा मार्ग बंद होतो. तीन वाजून एक मिनिटाला कोणाच्या ओळखीचा उपयोग नाही.

काही मुदती उतारासारख्या असतात, तिथे प्रत्येक तासाला थोडं थोडं नुकसान होत राहतं. उभी असलेली गाडी तशी. अकराऐवजी बारा वाजले तर थोडी ओढाताण, दोन वाजले तर जास्त, चार वाजले तर उद्याची वेळ गेली.

जीएसटीआर-३बी या दोहोंच्या मधे बसतो. २० तारीख चुकली तरी रिटर्न नंतर भरता येतो. उशिराबद्दल दिवसाला ५० रुपये लेट फी आणि रोखीने भरायच्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज लागतं. समजा रोखीने भरायचा कर १२ लाख आहे. मग एका दिवसाचं व्याज साधारण ५९२ रुपये होतं. रक्कम म्हणून ही मोठी नाही. पण कंपनीच्या नोंदीत उशीर कायमचा राहतो, ऑडिटर विचारतो, आणि ओळीने दोन महिने रिटर्न राहिलं तर ई-वे बिल काढणंच बंद होतं, म्हणजे गाड्याच थांबतात. त्यामुळे सरकारी मुदतीचं तिकीट मी कधी खाली ढकलत नाही. पण ते आलं म्हणून हातातलं सगळं टाकून पळतही नाही.

कड्याच्या कामात चुकायला जागा नसते, म्हणून ते आदल्या दिवशी संपलेलं हवं. उताराच्या कामात आत्ताचा प्रत्येक तास मोलाचा असतो, म्हणून ते लगेच हाती घ्यायचं. टेंडर आणि गाडी एकाच वेळी आले, तर आज सकाळी गाडी आधी. तीच दोन तिकिटं गुरुवारी दुपारी एक वाजता आली असती, तर उत्तर बदललं असतं.

पायरी ४: मुदतीवरून मागे मोजत "कधी सुरू करायचं" ती वेळ काढा

तिकिटात लिहिलेली तारीख असते काम संपण्याची. तुम्हाला हवी असते सुरुवातीची. त्यासाठी शेवटच्या वेळेतून तीन गोष्टी वजा करा: तुमच्या कामाला लागणारा वेळ, दुसऱ्या कोणासाठी थांबावं लागणार तो वेळ, आणि पहिला उपाय फसला तर दुसऱ्यासाठी लागणारा वेळ.

अकाउंट्सचं तिकीट घेऊन हे करून पाहू. कागदावर मुदत आज रात्री बाराची. फोनवर अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, "सही डायरेक्टर साहेबांच्या टोकनने होते, आणि साहेब दोन वाजता एअरपोर्टला निघतात. टोकन ते सोबत नेतात." झालं, मुदत बाराची नव्हतीच, ती दुपारी दोनची आहे. शिवाय २० तारखेला दुपारनंतर पोर्टल मंदावतं हा सगळ्यांचा अनुभव आहे, म्हणून सही एक वाजेपर्यंत झालेली बरी. टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकायला आणि तपासायला अर्धा तास. तेवढ्याने नाही झालं, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळं नव्याने मांडायला आणखी तास. म्हणजे साडेअकराच्या आत हात लावलाच पाहिजे. रात्री बाराचं तिकीट सकाळी साडेअकराचं झालं, आणि हे तिकिटात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

अशा कामात एक सवय लावून घ्या: काम नंतर करणार असाल तरी पाच मिनिटांची नजर आधी टाका. टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्टिफिकेट उघडून त्याची मुदत संपली नाही ना, एवढंच बघायचं. मुदत शिल्लक असेल, तर बिघाड बहुधा ड्रायव्हरचा किंवा पोर्टलवर सही करून देणारं emSigner हे सॉफ्टवेअर चालू नसल्याचा, आणि तो तुमच्या हातात आहे. मुदत संपली असेल, तर नवं सर्टिफिकेट काढावं लागेल, आणि तो वेळ तुमच्या हातात नाही. ही बातमी साडेनऊला कळवली तर अकाउंट्सला काहीतरी हालचाल करता येते. साडेबाराला कळवली तर फक्त पंचाईत होते.

एचआरचं तिकीट याच्या उलट आहे. तीन माणसं बुधवारी सकाळी नऊला रुजू होणार. लॉगिन बनवायला प्रत्येकी पंधरा मिनिटं, म्हणजे मंगळवारी केलं तरी चालेल असं वाटतं. पण ईमेलच्या लायसन्सला हेड ऑफिसची मंजुरी लागते आणि ती यायला एक दिवस जातो. म्हणून मंजुरीचा मेल आज सकाळीच टाकायचा, दोन मिनिटांत. बाकीचं मंगळवारी दुपारी. ज्या कामात दुसऱ्याची वाट बघायची असते, त्यातला वाट बघण्याचा भाग आधी सुरू करून द्यावा. तुम्ही दुसऱ्या कामात असाल, तेव्हा ते आपोआप पुढे सरकत असतं.

पायरी ५: ज्या तिकिटावर कोणी "अर्जंट" लिहिलं नाही, ते उघडा

आता ते सहावं, स्टोअरच्या क्लार्कचं. "सवडीने बघा" असं लिहिणारी माणसं भली असतात, आणि त्यांच्याच तिकिटांखाली कधीकधी खरी आग असते. मोठा रिपोर्ट काढतानाच एरर येते, लहान रिपोर्ट निघतात. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे सर्व्हरची डिस्क भरत आलेली असणं. बघायला एक मिनिट लागतं. सर्व्हर विंडोजचा असेल, तर पॉवरशेलमध्ये:

```
Get-PSDrive -PSProvider FileSystem
```

प्रत्येक ड्राइव्हपुढे किती जागा वापरली आणि किती मोकळी, हे जीबीमध्ये येतं. समजा ईआरपीच्या ड्राइव्हवर ५०० पैकी १२ जीबी मोकळी आहे. मग बॅकअपचं फोल्डर उघडा. रोज रात्री चार जीबीची फाइल पडतेय आणि जुन्या फाइल निघत नाहीयेत. सोमवार, मंगळवार, बुधवार, या तीन रात्रींत बारा जीबी संपतात. गुरुवारी सकाळी डेटाबेसला लिहायला जागा उरणार नाही आणि अख्ख्या कारखान्याचा ईआरपी थांबेल. एखादा मोठा रिपोर्ट दिवसा मध्येच ती जागा खाऊन टाकेल, म्हणजे हिशेब तीन रात्रींचा असला तरी भरवसा आजचाच धरायचा.

ही मुदत कोणी कळवलेली नव्हती, ती तुम्ही मोजून काढली. परिणाम सगळ्यांत मोठा, मुदत जवळची, आणि तिकीट Low. म्हणून रोज सकाळी मी Low ची यादी पूर्ण वाचते, आणि "मधूनच", "कधीकधी", "हल्ली" असे शब्द दिसले की थांबते. अचानक बंद पडलेली वस्तू निदान ओरडून सांगते. हळूहळू बिघडणारी सांगत नाही.

जुन्या बॅकअप फाइल काढण्याआधी त्यांची प्रत दुसरीकडे आहे याची खात्री करा आणि ज्याच्या अखत्यारीत सर्व्हर आहे त्याची लेखी परवानगी घ्या. घाईत चुकीची फाइल उडवली, तर त्यापेक्षा मूळ दुखणंच परवडलं असतं असं म्हणायची वेळ येते.

एका प्रकारच्या तिकिटाला मात्र यातली कुठलीच मोजमापं लावायची नाहीत. फाइलींची नावं आपोआप बदललीत, उघडल्यावर पैशांची मागणी दिसते, किंवा "माझ्या मेलवरून मी न पाठवलेले मेल गेलेत" असं कोणी म्हणालं, तर फोनवर पहिलं वाक्य: "नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, मशीन बंद करू नका, मी येते." त्यानंतर लगेच वरिष्ठांना कळवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असे प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत त्या संस्थेला कळवावे लागतात, आणि तो निर्णय तुमच्या पातळीवरचा नाही.

पायरी ६: रांग लावा, आणि प्रत्येकाला वेळ कळवा

सहा फोन झाले, पावणेदहा वाजले. गेटवरचे दादा म्हणाले, गाडी पीथमपूरला जायचीय, अकराच्या आत निघाली तर बरं. साहेबांच्या पीएने सांगितलं, चार वाजता गिऱ्हाइकाबरोबर व्हिडिओ कॉल आहे, त्याआधी लॅपटॉप नीट हवा, सकाळी ते प्लांटमध्येच असतात. आता रांग आपोआप लागते.

पहिली दोन मिनिटं: एचआरसाठी मंजुरीचा मेल, आणि सर्व्हरच्या बॅकअप फाइलींसाठी परवानगीचा मेल. दोन्हीकडे वाट बघण्याची घड्याळं सुरू झाली. मग पाच मिनिटं डिस्पॅच: त्यांच्या कॉम्प्युटरवर अकाउंट्सचा प्रिंटर जोडून दिला, इन्व्हॉइस निघालं. दहा वाजायच्या आत अकाउंट्सला जाऊन सर्टिफिकेटची मुदत बघितली, ती शिल्लक होती, म्हणून तिथेच बसून ड्रायव्हर पुन्हा टाकला. सव्वाअकरापर्यंत परवानगी आली की सर्व्हरवर जागा मोकळी. जेवणाआधी टेंडरच्या मशीनवर सहीची चाचणी, कारण बिघाड किती खोल आहे हे सोमवारीच कळायला हवं. तीनच्या सुमारास साहेबांचा लॅपटॉप, आणि त्यांच्या पीएकडे एक तयार केलेला जादा लॅपटॉप आधीच ठेवलेला. वेळ चुकली तरी कॉल चुकणार नाही.

दोन उताराची कामं एकदम आली आणि दोन्ही सारखीच महत्त्वाची वाटली, तर एक सोपा भागाकार करा: तासाला होणारं नुकसान भागिले कामाला लागणारे तास. ज्याचं उत्तर मोठं, ते आधी. कारखान्यांतल्या यंत्रांवर कामं कशी लावावीत याच्या अभ्यासातून १९५६ मध्ये वेन स्मिथने हा नियम मांडला होता. रुपयांत अचूक आकडा नसला तरी अंदाज पुरतो. दहा मिनिटांचं काम आणि दोन तासांचं काम यांत नुकसान सारखंच असेल, तर दहा मिनिटांचं आधी उरकावं. नाहीतर त्या दहा मिनिटांवाल्यांना उगाच दोन तास थांबावं लागतं.

रांग लावल्यावर ती मनात ठेवू नका. प्रत्येकाला वेळ सांगा. "बघते", "करते" यांनी कोणाचं समाधान होत नाही, आणि वीस मिनिटांनी पुन्हा फोन येतो. त्याऐवजी असं लिहा: "सर, आपला लॅपटॉप तीन वाजता घेते, साडेतीनला परत देईन. चारच्या कॉलसाठी जादा लॅपटॉप पीएंकडे ठेवला आहे. त्याआधी गरज पडली तर कळवा." यात नकार नाही, सबब नाही, आणि कोणाचं काम त्यांच्यापुढे लावलं याची तुलनाही नाही. मी अनेक वरिष्ठांना हा मेसेज पाठवला आहे. नाराजी क्वचितच आली, कारण त्यांना हवा असतो चार वाजता चालणारा लॅपटॉप.

तरीही एखादे साहेब म्हणाले, "नाही, माझं आधीच कर," तर वाद घालू नका आणि गुपचूप मानही हलवू नका. इतकंच विचारा: "सर, आत्ता घेतला तर अकाउंट्सचं रिटर्न दोनच्या आत होणार नाही. त्यांना तसं कळवू का?" निर्णय ज्याच्या अधिकाराचा, त्याच्याकडे परिणाम दाखवून सोपवायचा. बहुतेक वेळा उत्तर येतं, "मग ते कर आधी." आणि नाही आलं, तर तो निर्णय त्यांचा, तुम्ही तो तिकिटात नोंदवा.

पायरी ७: दिवसातून दोनदा रांग पुन्हा वाचा

सकाळची रांग दुपारी शिळी होते. मी साडेबाराला आणि साडेचारला सगळी तिकिटं पुन्हा बघते. मुख्यतः दोन गोष्टींसाठी. एक, कोणाची सुरुवातीची वेळ जवळ आली आहे का. दोन, एकाच आजाराची तीन तिकिटं आली आहेत का. "शेअर्ड फोल्डर उघडत नाही" असं एकाने कळवलं तर ते त्याच्या मशीनचं दुखणं असू शकतं. अर्ध्या तासात तीन वेगळ्या विभागांतून तेच आलं, तर बिघाड सर्व्हरचा किंवा स्विचचा, आणि तिन्ही मिळून एक पी-१.

तिकीट बंद करताना मी शेवटी दोन वेळा लिहिते: मागणाऱ्याने सांगितलेली मुदत, आणि फोनवर कळलेली खरी मुदत. जागा नसेल तर साध्या एक्सेलमध्ये. दोन महिन्यांनी त्या दोन रकाने शेजारी ठेवून वाचलं की विभागांच्या सवयी दिसतात. कुठे "आज" म्हणजे "या आठवड्यात" असतं, कुठे "सवडीने" म्हणजे "कालच हवं होतं, पण बोलायचा संकोच वाटला". आमच्या स्टोअरच्या त्या क्लार्कचं तिकीट आलं की मी आता आधी उघडते, ते Low असलं तरी.

डिस्पॅचच्या प्रिंटरमध्ये मंगळवारी सकाळी रोलरखाली अडकलेला स्टिकरचा एक तुकडा सापडला. चिमट्याने काढायला चार मिनिटं लागली, आणि तोपर्यंत पीथमपूरची गाडी केव्हाच पोचली होती.